चौतीस नेमणूकपत्रे आणि एकही न पाहिलेला चेहरा : कामगार आयुक्तांना खुले पत्र

मा. कामगार आयुक्त,
महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी अकरा वर्षे भोसरीतल्या एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात पगारपत्रके केली. हजेरी गोळा करणे, पीएफचे चलन भरणे, ईएसआयचे नंबर काढणे आणि महिनाअखेर कंपन्यांना बिल पाठवणे हे माझे काम होते. 2024 साली मी ती नोकरी सोडली. आता ठेक्यावरचे कामगार आपले कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मी ते त्यांना वाचून दाखवते. ज्या एका प्रश्नाचे उत्तर आपल्या खात्याला वरचेवर द्यावे लागते, त्याच्यासाठी हे पत्र आहे. एजन्सीने पाठवलेला माणूस दुसऱ्याच कंपनीत राबतो, तेव्हा त्याचा खरा मालक कोण?

एप्रिल 2021 मध्ये चाकणच्या एका कारखान्याचा ठेका आमच्या एजन्सीला मिळाला. गाड्यांचे पत्र्याचे भाग तिथे प्रेसवर काढतात. ठेका सुरू व्हायच्या चार दिवस आधी त्यांच्या एचआरकडून मला ईमेल आला. सोबतच्या एक्सेल शीटमध्ये चौतीस नावे होती आणि प्रत्येक नावापुढे आधार क्रमांक, पीएफचा कायमचा नंबर म्हणजे यूएएन, बँक खाते आणि रोजचा दर भरलेला होता. मी त्या चौतीस जणांची नेमणूकपत्रे टाइप केली, आमच्या लेटरहेडवर छापली, साहेबांची सही घेतली आणि गठ्ठा कारखान्याच्या गेटवर पाठवून दिला. कोणाची मुलाखत झाली नाही, कोणाला मशिनवर हात चालवून दाखवायला सांगितले नाही. त्यांच्यातला एकही चेहरा आमच्या ऑफिसने पाहिला नव्हता. तरी त्या दिवसापासून कागदोपत्री त्यांचे मालक आम्ही झालो.

पुढे दोन वर्षे दर महिन्याला मी त्या कारखान्याला बिल पाठवत होते. त्यातली एका माणसाची ओळ सोप्या आकड्यांत मांडते, कारण मालक कोण याचे निम्मे उत्तर मला त्या ओळीतच दिसते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये धरा. त्यावर पाच टक्के घरभाडे भत्ता 750. मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासन खर्च आणि विम्यासह तेरा टक्के, म्हणजे 1,950. ईएसआय सव्वातीन टक्के, म्हणजे 512. बोनस 8.33 टक्क्यांनी 1,250. बेरीज झाली 19,462. त्यावर आमचा पाच टक्के सर्व्हिस चार्ज 973 रुपये. एकूण 20,435 रुपयांवर अठरा टक्के जीएसटी धरला की बिल होते 24,113 रुपयांचे.

या ओळीत एजन्सीचे स्वतःचे म्हणावे असे फक्त 973 रुपये आहेत. मूळ पगाराचा आकडा कंपनी ठरवायची आणि ओव्हरटाइमचे तासही कंपनीच्याच शीटवरून यायचे. प्रेस, डाय, हातमोजे, कॅन्टीन, बस यांतले काहीच आमचे नव्हते. बिल साठ दिवस रखडले की आमच्याकडे पगाराला पैसे नसायचे, कारण त्या 973 रुपयांवर चालणाऱ्या एजन्सीकडे चौतीस जणांचे दोन महिन्यांचे पगार पडून नसतात. अशा वेळी मजुरी देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर आहे, म्हणजे कंपनीवर. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ती होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही आहे. जुन्या कायद्यात तर पगारवाटपाच्या वेळी कंपनीच्या प्रतिनिधीने हजर राहून सही करायची होती. पगार बँकेतून जायला लागल्यावर त्या सहीचा नुसता शिक्का उरला. मी तो कोऱ्या पगारपत्रकांवर मारलेला पाहिला आहे.

कायद्याने बऱ्याच बाबतींत कंपनीला आधीपासूनच धरले आहे, हे मला कामातूनच समजत गेले. एजन्सीने पीएफ बुडवला तर भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय मुख्य नियोक्त्याला विचारते. ईएसआयची वर्गणी पहिल्यांदा मुख्य नियोक्त्याने भरायची आणि नंतर ठेकेदाराकडून वळती करून घ्यायची, अशीच त्या कायद्याची रचना होती. कारखाना कायद्यात ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेला माणूस होता, मुख्य नियोक्त्याला त्याची माहिती असो वा नसो. प्रेसखाली बोटे गेली तर कंपनी हात झटकू शकत नाही, ती यामुळेच. पण त्याच माणसाला उद्यापासून येऊ नको म्हटले, सेवा किती वर्षांची धरायची असे त्याने विचारले, किंवा शेजारच्या कायम कामगाराएवढा पगार मागितला, की कंपनी म्हणते हा आमचा माणूस नाही, एजन्सीला विचारा. एजन्सीत फोन मी उचलायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचे.

न्यायालयांनी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला आहे. 1978 साली केरळातल्या एका दोरखंडाच्या कारखान्यातील एकोणतीस कामगारांचा हुसैनभाई खटला सर्वोच्च न्यायालयात आला. मालकाचे म्हणणे होते की हे ठेकेदारांचे कामगार आहेत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधला पडदा बाजूला सारला. कामगारांची रोजीरोटी ज्याच्या हातात आणि त्यांच्या श्रमाचा माल ज्याच्या धंद्याचा, तोच मालक, असे त्यांनी धरले. 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या निकालाने मात्र दिशा बदलली. ठेका पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप कंपनीचे होणार नाहीत, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले. एक दार तेवढे उघडे राहिले. ठेका हा निव्वळ देखावा आहे असे औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध झाले, तर तो कामगार पहिल्यापासून कंपनीचाच.

देखावा ओळखायचा कसा, याचे प्रश्न 2014 च्या बलवंत राय सलुजा निकालात एकत्र मांडले आहेत. नेमणूक कोण करतो? पगार कोण देतो? काढून टाकण्याचा आणि शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार कोणाकडे आहे? सेवेत सातत्य आहे का? देखरेख आणि नियंत्रण कोणाचे आणि किती? शेवटच्या प्रश्नावर 2009 च्या विमानतळ प्राधिकरणाच्या निकालाने एक बारकावा सांगितला आहे, आणि तो कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या आम्ही लोकांनी टाळू नये. मनुष्यबळ पुरवण्याचाच ठेका असेल तर कंपनीचा सुपरवायझर कामगाराला रोजचे काम सांगणारच. तेवढ्याने कंपनी मालक ठरत नाही. ते दुय्यम नियंत्रण झाले. या माणसाला कुठे पाठवायचे, कधी परत बोलवायचे, ठेवायचे की नाही, हा मुख्य अधिकार कोणाचा, ते पाहायचे.

हा फरक मी एकाच ऑफिसात बसून दोन्ही बाजूंनी पाहिला. आमच्या एजन्सीकडे सात वायरमन होते. त्यांना साहेबांनी स्वतः पारखून घेतले होते. मल्टिमीटर, क्रिम्पिंग टूल, सेफ्टी बेल्ट सगळे एजन्सीचे. त्यांचा फोरमन आमचा होता आणि रजा त्याच्याकडे मागायची. आज रांजणगाव, पुढच्या आठवड्यात तळेगाव, असे ते फिरत. एखाद्या आठवड्यात काम नसेल तर ते गोडाउनमध्ये बसायचे आणि त्या आठवड्याचा पगारही त्यांना मिळायचा. कोणत्याही कंपनीने त्या सातांपैकी कोणाचे नाव आम्हाला कधी कळवले नाही, त्यांना फक्त काम झालेले हवे असायचे. त्या सातांचे मालक आम्ही होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हा ठेका खरा होता.

आता चौतीसांपैकी एकाचा कागद पाहा. तो प्रेस ऑपरेटर आहे. जून 2016 मध्ये तो त्या कारखान्यात लागला. त्याचे पीएफचे पासबुक उघडले तर एका यूएएनखाली तीन वेगवेगळे मेंबर आयडी दिसतात, कारण मधल्या काळात तीन एजन्सी होऊन गेल्या. पहिली मार्च 2018 पर्यंत, दुसरी मार्च 2021 पर्यंत आणि तिसरी आमची, मार्च 2023 पर्यंत. प्रत्येक वेळी 31 मार्चला सोडल्याची नोंद आहे आणि एप्रिलच्या तीन-चार तारखेला नव्याने लागल्याची. कामगार याला ‘ब्रेक’ म्हणतात. पासबुक एवढेच सांगते की या माणसाने सात वर्षांत तीन मालक बदलले.

पण त्याच्या कॅन्टीन कार्डावरचा नंबर या सात वर्षांत एकदाही बदललेला नाही. लॉकर तोच आणि प्रेसही तोच. 2019 मध्ये 200 टनी प्रेसचे प्रशिक्षण घेतल्याच्या प्रमाणपत्रावर कंपनीच्या प्रॉडक्शन मॅनेजरची सही आहे. रजा तो कंपनीच्या लाइन लीडरकडे मागायचा. लाइन लीडर हो म्हणायचा आणि मला ते महिनाअखेरच्या शीटमध्ये कळायचे. आणि ते ब्रेकचे दिवस? एप्रिल 2021 च्या पहिल्या तीन दिवसांत तो कामावर होता, हे मला माहीत आहे. त्या तीन दिवसांचे पैसे मे महिन्याच्या पगारपत्रकात ‘प्रोत्साहन भत्ता’ म्हणून टाका, असे मला सांगण्यात आले आणि मी ते माझ्या हाताने टाकले. त्या नोंदीची लाज मला आजही वाटते.

फेब्रुवारी 2023 मध्ये या ऑपरेटरने आणखी आठ जणांसह पगारातल्या फरकाविषयी अर्ज दिला. एकाच प्रेसवर एका शिफ्टला कायम कामगार आणि दुसऱ्या शिफ्टला हे, आणि पगारात जवळपास दुपटीचे अंतर. कंत्राटी कामगाराचे काम कायम कामगारासारखेच असेल तर पगारही तेवढाच, ही जुन्या नियमांत ठेकेदाराच्या परवान्याची अटच होती, तेव्हा अर्ज काही वावगा नव्हता. मार्चअखेर ठेका चौथ्या एजन्सीकडे गेला. नव्या यादीत पंचवीस नावे होती आणि अर्ज करणारे नऊच्या नऊ जण तिच्यात नव्हते.

त्यांचे फोन मला आले. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, आपला ठेका संपला, आपल्याकडे या लोकांना द्यायला जागा नाही. ते खोटे बोलत नव्हते. वायरमनना देता येते तशी दुसरी जागा आमच्याकडे प्रेस ऑपरेटरसाठी कधीच नव्हती. मी नऊ जणांचा हिशेब काढला. ग्रॅच्युइटीच्या रकान्यात शून्य आले, कारण कोणत्याही एका एजन्सीकडे त्यांची पाच वर्षे भरली नव्हती. त्या ऑपरेटरची सेवा सलग धरली असती तर सहा वर्षे दहा महिने, म्हणजे हिशेबाला सात वर्षे झाली असती, आणि 15,000 रुपये पगारावर त्याला 60,577 रुपये मिळाले असते.

सलुजा निकालातले प्रश्न आता त्याच्याविषयी विचारून पाहा. नेमणूकपत्र आमचे, निवड कंपनीची. पगार आमच्या खात्यातून गेला, पण कंपनीचे पैसे आल्यावर आणि कंपनीने ठरवलेला. काढले कोणी, तर ज्याने नव्या यादीत नाव घातले नाही त्याने. ती यादी कोणत्याच एजन्सीने केलेली नव्हती. सातत्य कारखान्यात होते, तुटत होते ते एजन्सीच्या कागदात. राहिला मुख्य अधिकार कोणाचा हा प्रश्न. दोन वर्षांत आम्ही त्याला एक दिवससुद्धा दुसरीकडे पाठवू शकलो नाही, आणि ठेका संपल्यावर ठेवूनही घेऊ शकलो नाही. मला यात मालक म्हणून एकच पक्ष दिसतो.

अडचण पुढेच आहे, आणि आपल्याला लिहिण्याचे कारणही तेच. ‘मी कंपनीचा कामगार आहे’ हे सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर आहे. तसे सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या निलगिरी सहकारी संस्थेच्या निकालात स्पष्ट केले आहे. पण पुरावा कुठे असतो ते पाहा. गेटचे पंचिंग कंपनीच्या सर्व्हरवर, शिफ्टचा तक्ता लाइनच्या फळ्यावर, प्रशिक्षणाची नोंद प्लँटच्या फाइलमध्ये, आणि नावांची ती यादी दोन ऑफिसांमधल्या ईमेलमध्ये. कामगाराच्या खिशात नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप. दोन्हींवर एजन्सीचे नाव. जो कागद त्याच्या हाती आहे तो त्याच्याच विरुद्ध बोलतो.

महाराष्ट्रात त्याला आणखी एक फेरा पडला. 2001 च्या सिप्ला निकालानंतर, कंपनीने नाते नाकारले की अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालची तक्रार पुढे सरकत नाही. आधी न्यायाधिकरणात नाते सिद्ध करून या, असे सांगितले जाते. यात वर्षे जातात. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक करणाऱ्या 2,700 कामगारांना 2014 मध्ये न्यायाधिकरणाचा निवाडा मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला एप्रिल 2017 उजाडला. तेही पाठीशी चिवट संघटना होती म्हणून. माझ्या नऊ जणांमागे संघटना नाही. त्यांनी वाद दाखल केला, जुने पंचिंग मागितले. कंपनीचे उत्तर आले की प्रणाली बदलली आहे, जुना डेटा उपलब्ध नाही.

नव्या संहितेत कंपनीच्या मुख्य कामात ठेक्याचे कामगार लावायला मनाई आहे, हे मला ठाऊक आहे. प्रेसवर भाग काढणाऱ्या कारखान्यात प्रेस चालवणे हे मुख्य काम नसेल तर दुसरे कोणते असेल? पण कामाचा भार अचानक वाढल्याची सवलत तिथेही ठेवली आहे, आणि सात वर्षे चाललेले कामसुद्धा दर वर्षी ‘अचानक’ म्हणून दाखवता येते. शिवाय पन्नासपेक्षा कमी कंत्राटी कामगार असतील तर तो भाग लागूच होत नाही. माझ्या चौतीसांना त्याचा उपयोग झाला नसता. म्हणून ठेका देखावा आहे का, हा जुना प्रश्न मिटणार नाही आणि तो पुराव्यावरच सुटेल.

आपल्याकडे माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे.

अशा वादाचा अर्ज आल्यावर समेट अधिकाऱ्याच्या पहिल्याच नोटिशीत कंपनीने आणि एजन्सीने काय जपून ठेवायचे आणि काय हजर करायचे, ते नावानिशी लिहावे. गेटचे आणि कॅन्टीनचे पंचिंग, शिफ्टचे तक्ते, प्रशिक्षणाच्या नोंदी, आणि एजन्सी बदलताना कंपनीकडून गेलेली नावांची यादी ईमेलसकट. कागदपत्रे हजर करायला लावण्याचा अधिकार समेट अधिकाऱ्याला आहे. आज नोटिशीत फक्त ‘आपले म्हणणे सादर करावे’ एवढेच असते. म्हणणे सादर व्हायला तीन महिने लागतात आणि तेवढ्यात सर्व्हर बदललेला असतो.

दुसरे, एजन्सी परवान्याचा अर्ज करते तेव्हा त्याच जागेवरच्या आधीच्या ठेकेदाराच्या कामगारांचे यूएएन मागवावेत आणि काम सुरू झाल्यावर नव्या यादीशी जुळवावेत. दोन एक्सेल शीट जुळवायला मला दहा मिनिटे लागायची. चौतीसपैकी चौतीस यूएएन तेच निघाले, तर मालक बदलूनही कामगार जागचे हलले नाहीत ही गोष्ट आपल्या दप्तरात त्याच दिवशी नोंदली जाईल. त्याने निकाल लागणार नाही आणि कंपनीवर अन्यायही होणार नाही. खरा ठेका असेल तर माझ्या वायरमनसारखी वेगळी नावे निघतील, नाहीतर सारखी नावे का, याचे कारण कंपनी सांगेल. पण सात वर्षांनी एखादा ऑपरेटर न्यायाधिकरणापुढे उभा राहील तेव्हा त्याला दाखवायला सरकारी शिक्क्याचा एक तरी कागद असेल.

एप्रिल 2021 च्या ठेक्याचा तो ईमेल मी नोकरी सोडताना एजन्सीच्या संगणकावरच ठेवून आले, कारण तो माझा नव्हता. न्यायाधिकरणाने बोलावले तर तो कोणत्या तारखेला आला, कोणत्या पत्त्यावरून आला आणि शीटमध्ये कोणते रकाने होते, हे मी शपथेवर सांगेन. आपल्या खात्याने तो एजन्सीकडून आणि कंपनीकडून मागवून घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एजन्सीत अकरा वर्षे पगारपत्रके केलेली एक कर्मचारी
भोसरी, पुणे